‘ज्याअर्थी’ला वजन किती? करार वाचण्याच्या एका वादाबद्दल

नागपूरच्या भोवती ले-आऊट वाढत गेले तसे प्लॉटच्या करारांवरचे दावेही वाढले, आणि त्यांच्यासोबत दोन वाक्ये पाठ झाली. विकणाऱ्याची बाजू म्हणते, “ते ‘ज्याअर्थी’मध्ये, म्हणजे सुरुवातीच्या प्रास्ताविकात लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही. बंधन असतं ते कलमांचं.” घेणाऱ्याची बाजू म्हणते, “सही संपूर्ण दस्तावर आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत सगळं सारखंच बंधनकारक.” बार रूममध्ये, दस्तलेखकांच्या टेबलाशी, खरेदीदारांच्या बैठकांत मी ही दोन्ही वाक्ये इतक्या ठामपणे ऐकतो, की तिसरी काही शक्यता आहे हे कुणाच्या मनात येत नसावे. माझ्या मते दोन्ही बाजू एकच चूक करतात. मजकूर दस्तात कुठे बसला आहे यावरून त्याचे वजन ठरते, असे दोघेही धरून चालतात. न्यायालय मात्र तो मजकूर तिथे काय काम करतो हे पाहते, आणि तेच पाहायला हवे. एकच वाक्य एका वादात निर्णायक ठरेल, दुसऱ्यात नुसता पुरावा ठरेल आणि तिसऱ्यात त्याचा काहीच उपयोग होणार नाही.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेले आहे, पण त्यातल्या अशा ओळी रोजच्या दस्तांत सापडतात. शहराच्या दक्षिणेकडच्या एका मौजातल्या प्लॉटचे इसारपत्र आहे. सुरुवातीला प्रास्ताविक: “ज्याअर्थी लिहून देणार यांनी सदर ले-आऊटला सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी मिळविलेली आहे…”. कलम 1 म्हणते, लिहून देणार हे खालील परिशिष्टात वर्णन केलेला 1,800 चौरस फुटांचा प्लॉट विकण्यास कबूल आहेत. कलम 2 म्हणते, दर चौरस फुटास 2,000 रुपये, एकूण किंमत 30 लाख. कलम 4 चा मथळा आहे ‘इसार’. खाली लिहिले आहे की 5 लाख रुपये आगाऊ दिले असून ते अंतिम किमतीत वळते केले जातील. कलम 6 म्हणते, “मंजुरीची प्रत मिळाल्यापासून 60 दिवसांत विक्रीपत्र करून देण्यात येईल.” शेवटी परिशिष्ट: मौजा, पटवारी हलका, खसरा, प्लॉट क्रमांक 47, 30 फूट गुणिले 50 फूट, क्षेत्र 1,500 चौरस फूट म्हणजे 139.35 चौरस मीटर, आणि चतुःसीमा.

दोन वर्षे जातात, भाव वाढतात, विक्रीपत्र काही होत नाही. घेणारा म्हणतो, 30 लाखांत 1,800 फूट द्या. विकणारा म्हणतो, मंजुरी अजून आलेली नाही, त्यामुळे 60 दिवस सुरूच झाले नाहीत. शिवाय तुमचा इसार आता जप्त. एकाच कागदावर क्षेत्र, मंजुरी आणि जप्ती असे तीन वाद उभे राहतात. यातला प्रत्येक वाद दस्ताच्या वेगळ्या भागाला हात घालतो.

आधी परिशिष्ट घेऊ, कारण तिथेच गैरसमज सर्वांत मोठा आहे. ‘कलम श्रेष्ठ, परिशिष्ट दुय्यम’ हा नियम लावला तर 1,800 जिंकायला हवेत. पण कलम 1 ने विकायचे काय ते स्वतः सांगितलेलेच नाही. ते म्हणाले, “परिशिष्टात वर्णन केलेला”. म्हणजे कलमाने आपले अर्धे वाक्य मागच्या पानावर पाठवले. मग ते पान दुय्यम कसे? परिशिष्ट काढून टाकले तर कलम 1 मध्ये मौजा नाही, खसरा नाही, प्लॉटचा क्रमांक नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 21 तर सांगते की स्थावर मिळकतीची ओळख पटेल इतके वर्णन नसेल तर दस्त नोंदणीलाच घेता येत नाही. आपल्याकडे ते वर्णन परिशिष्टातच असते आणि नोंदणीनंतर तेच सूची क्रमांक 2 मध्ये उतरते. बँकेचा वकील शोध घेताना पाहतो ते हेच. म्हणून मिळकतीची ओळख हा प्रश्न असेल तेव्हा परिशिष्ट हेच मुख्य कलम असते, ते कितव्याही पानावर असो.

आणि 1,500 ला दस्तातूनच दुजोरा मिळतो. दर 2,000 आणि एकूण 30 लाख, म्हणजे भागाकार 1,500 च येतो. 1,800 असते तर किंमत 36 लाख लिहिली गेली असती. लांबी-रुंदीचा गुणाकारही 1,500 येतो. कलम 1 मधला आकडा एकटा पडतो. न्यायाधीशाला इथे दोन भागांपैकी एकाला राजा करायची गरजच नाही. चार गोष्टी एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला आहे एवढे पुरते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. परिशिष्ट कोण भरतो? बहुतेक वेळा टंकलेखक, शेवटच्या घाईत, शेजारच्या प्लॉटच्या जुन्या दस्तावरून. कलमांवर दोन्हीकडचे वकील आठवडाभर वाद घालतात आणि परिशिष्टाकडे कुणी पाहतही नाही. मग विचारपूर्वक लिहिलेल्या कलमावर त्या घाईच्या पानाने मात का करावी? हे निरीक्षण खरे आहे. त्यातून परिशिष्ट सरसकट कमी लेखावे असे मात्र निघत नाही. परिशिष्टातला कुठला तपशील चुकण्याची शक्यता जास्त आहे, हे पाहावे एवढेच निघते. सर्वोच्च न्यायालयाने शिवध्यान सिंह विरुद्ध सनीचरा कुएर या प्रकरणात नेमके हेच केले. गहाणाच्या हुकूमनाम्यात आणि लिलावाच्या विक्री दाखल्यात प्लॉटचा क्रमांक 1060 पडला होता. खरा प्लॉट 160 होता. सीमा आणि बाकीचे वर्णन 160 शीच जुळत होते. न्यायालयाने शून्याची चूक ही चूकच मानली आणि मिळकत ओळखून घेतली. 2006 च्या सुभागा विरुद्ध शोभा या निर्णयात तर असे म्हटले आहे की वर्णनात विसंगती असेल तर सर्वसाधारणपणे चतुःसीमांना प्राधान्य द्यावे.

‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाकडे आपले लोक दुर्लक्ष करतात. सीमांना प्राधान्य का? कारण पूर्वेला रस्ता आणि पश्चिमेला विहीर हे माणसाने उभे राहून डोळ्यांनी पाहिलेले असते, आकडा मात्र कागदावरून कागदावर उतरतो. शेताच्या दस्तात हे कारण पक्के आहे. नागपूरच्या ले-आऊटमध्ये ते अनेकदा उलटे पडते. तिथे प्लॉट मंजूर नकाशावर आखलेला असतो, क्रमांक नकाशाचा असतो, आणि चतुःसीमाच नकलून आलेल्या असतात. प्लॉट 47 च्या दस्तात पूर्वेला ‘प्लॉट क्र. 47’ असे लिहिलेले दिसले, की 46 चा दस्त समोर ठेवून टंकन झाले आहे हे लगेच कळते. अशा वेळी सीमांनाच धरून बसणे म्हणजे नियमाचे शब्द पाळून त्यामागचे कारण सोडून देणे आहे.

आता प्रास्ताविक. ‘ज्याअर्थीला अर्थ नाही’ म्हणणारे आपल्या बाजूने एक जुना इंग्रजी निर्णय काढतात. 1886 मध्ये लॉर्ड ईशर यांनी मून या दिवाळखोराच्या प्रकरणात तीन नियम सांगितले. प्रास्ताविक स्पष्ट आणि कलम संदिग्ध असेल तर प्रास्ताविकाप्रमाणे अर्थ लावायचा. प्रास्ताविक संदिग्ध आणि कलम स्पष्ट असेल तर कलम चालते. दोन्ही स्पष्ट असून एकमेकांविरुद्ध असतील तर कलम चालते. आपल्या न्यायालयांतही विचार साधारण याच वाटेने चालतो. पण या तिन्हींतला पहिलाच नियम उद्धृत करताना गळतो, आणि तोच तर प्रास्ताविकाला वजन देणारा आहे. शिवाय कलम स्पष्ट आहे हे ठरवायचे केव्हा? उरलेला दस्त वाचण्याआधी? आमच्या कलम 6 मधली ‘मंजुरीची प्रत मिळाल्यापासून’ ही ओळ एकटी वाचली तर अगदी सरळ वाटते. प्रास्ताविक वाचल्यावर कळते की तिचे दोन अर्थ होतात. मंजुरी अजून यायची आहे, हा एक. मंजुरी आलेली आहे आणि फक्त तिची प्रत विकणाऱ्याने द्यायची आहे, हा दुसरा. प्रास्ताविक म्हणते मंजुरी “मिळविलेली आहे”. म्हणजे दुसरा अर्थ. मग प्रत देणे विकणाऱ्याच्याच हातात होते, आणि ती दाबून ठेवून ‘60 दिवस सुरूच झाले नाहीत’ असे त्याला म्हणता येणार नाही. इथे प्रास्ताविकाने नवे बंधन निर्माण केले नाही. असलेल्या बंधनाचा अर्थ ठरवला, आणि दाव्याचा निकाल त्यावर फिरू शकतो.

आता समजा दाव्यात उघड झाले की मंजुरी मुळात मिळालेलीच नव्हती. घेणाऱ्याचा वकील उसळून म्हणतो, “करारात लिहून दिलंय, करारभंग झाला, मंजुरी आणून द्या.” इथे मला त्याच्या बाजूला थांबवावे लागते. “मिळविलेली आहे” हे विधान आहे. ते मिळवून देण्याचे वचन नाही. घडलेल्या गोष्टीबद्दलचे विधान खोटे ठरले म्हणून ‘ती गोष्ट आता घडवा’ असा हुकूम त्यातून आपोआप निघत नाही. पण म्हणून ते विधान निरुपयोगी ठरते का? ते विकणाऱ्याच्या सहीचे आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरता येते. ते खोटे असेल आणि त्यावर विसंबून समोरच्याने पैसे दिले असतील, तर 1872 च्या करार कायद्याची कलमे 18 आणि 19 लागू होतात: गैरनिवेदनामुळे दिलेली संमती, आणि करार रद्द करण्याचा अधिकार. मुद्दाम खोटे लिहिले असेल तर कलम 17 खालची फसवणूक. घेणाऱ्याला दाद मिळते, फक्त ती वेगळ्या दाराने मिळते. वकिलाने चुकीचे दार ठोठावले आणि दावा फेटाळला गेला, की बाहेर येऊन तोच सांगतो, ‘ज्याअर्थीला काही अर्थ नसतो’. या गैरसमजाचे मूळ मला तिथेच दिसते.

त्या दारालाही एक कडी आहे आणि ती खरेदीदाराने आधीच जाणून घ्यावी. कलम 19 चा अपवाद म्हणतो की साध्या दक्षतेने सत्य शोधून काढता आले असते तर नुसत्या गैरनिवेदनावरून करार रद्द करता येत नाही. सुधार प्रन्यासच्या किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन मंजूर नकाशा पाहता आला असता आणि तुम्ही तो पाहिला नाही, तर समोरचा नेमके हेच मांडेल. म्हणून मंजुरीसारखी गोष्ट प्रास्ताविकात राहू देऊ नये. तिचे वेगळे कलम करावे: लिहून देणार खात्री देतात की मंजुरी मिळालेली आहे, ही खात्री खोटी ठरल्यास रक्कम इतक्या व्याजासह परत. ‘प्रास्ताविक हा या कराराचाच भाग समजावा’ अशी ओळ टाकून काम भागते असे अनेकांना वाटते. त्या ओळीने विधान कराराच्या आत येते हे खरे. पण आत आल्यावरही ते विधानच राहते, आणि ते मोडल्यास काय होईल हे कुठेच लिहिलेले नसते.

मग प्रास्ताविकाला पूर्ण वजन देऊनच टाकावे, असे का म्हणू नये? सामान्य माणूस करार पहिल्या पानापासून वाचतो आणि त्या पानावर विश्वास ठेवतो, हा युक्तिवाद भावनिक नाही, खरा आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 12 ने तर जाहिरातीतल्या आणि माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्यालाही विकासकाकडून भरपाई देऊ केली आहे. छापील पत्रकाला इतके वजन, तर सहीच्या दस्ताला नको? पण रेरानेही खोट्या विधानाला भरपाई जोडली. विधानाचे कलम केले नाही. आणि प्रास्ताविक निर्णायक मानले की त्याचा फायदा नेहमी दुबळ्यालाच होतो हे गृहीत धरायला आपला इतिहास परवानगी देत नाही. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले ते कशासाठी? त्या कागदांतही ‘रक्कम रोख भरून पावली’ असे लिहून घेतलेले असे आणि हातात पडलेली रक्कम त्याहून कितीतरी कमी असे. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासायला लावले, दस्तातल्या विधानावर थांबू दिले नाही. तो कायदा आपल्या वऱ्हाड-नागपूरसाठी नव्हता, पण त्याने दाखवलेला धोका इथलाही आहे.

पुराव्याच्या कायद्याने त्याआधीच, 1872 मध्ये, हा फरक ओळखला होता. कराराच्या अटी कागदावर उतरल्या की तोंडी पुराव्याने त्या बदलता येत नाहीत. पण कलम 91 च्या तिसऱ्या स्पष्टीकरणाने सांगितले की दस्तात जाता जाता नमूद केलेल्या इतर घटनेबद्दल तोंडी पुरावा देता येतो. त्याखालचे उदाहरण निळीचे आहे: नीळ पुरवण्याचा लेखी करार, त्यात उल्लेख की दुसऱ्या वेळी तोंडी ठरलेल्या निळीची किंमत चुकती झाली आहे. ती चुकती झाली नव्हती, असा तोंडी पुरावा चालतो. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद आता कलम 94 मध्ये आहे. अटीचा उल्लेख आणि घटनेचा उल्लेख एकाच पानावर, एकाच सहीखाली असूनही कायद्याने त्यांना दोन वेगळी वजने दिली. ‘सगळे सारखेच बंधनकारक’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

अपवादही आहे, आणि तो महाराष्ट्राचाच आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 24 राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याबद्दल आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की लेखी परवाना करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा राहील. घर भाड्याने देताना केलेल्या लीव्ह अँड लायसन्सच्या कागदात जे लिहाल ते या कलमापुरते पक्के. मुदत संपल्यावर घरमालकाला जागा लवकर परत मिळावी म्हणून विधिमंडळाने ते वजन मुद्दाम दिले. विधान मुळातच निर्णायक असते तर हे कलम लिहायची गरज का पडली असती?

मथळ्यांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण तिथे वाद असला तरी गुंता कमी आहे. अनेक करारांत ‘मथळे केवळ सोयीसाठी आहेत, अर्थ लावताना विचारात घेऊ नयेत’ अशी ओळ असते. असेल तर पक्षकारांनी स्वतःच मथळ्याचे काम ठरवले आणि विषय संपला. नसेल तर संदिग्ध कलमाचा रोख कळायला मथळा मदत करतो, पण कलमात नसलेली गोष्ट तो आणू शकत नाही. आमच्या कलम 4 वर ‘इसार’ लिहिले आहे. इसार म्हणजे व्यवहार पार पाडण्याची हमी म्हणून ठेवलेली रक्कम, आणि घेणाऱ्याने करार मोडला तर ती जप्त होऊ शकते. आगाऊ दिलेल्या किमतीचे तसे नाही. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या निर्णयात नीट मांडला आहे. त्या करारात जप्तीचे कलम स्पष्ट होते. आमच्याकडे कलम फक्त आगाऊ रकमेबद्दल बोलते, जप्तीचा शब्दही नाही. केवळ वरच्या एका शब्दावर 5 लाख जप्त करू द्यावेत का? माझे उत्तर नाही असे आहे. आणि इथे तर करार मोडला विकणाऱ्याने, त्यामुळे खरा इसार असता तरी तो गिळता आला नसता. संपूर्ण दस्ताच्या मथळ्यालाही हाच न्याय. दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलमधल्या केशकर्तनालयाच्या जागेचा करार ‘परवाना’ या नावाने झाला होता. 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आतला मजकूर पाहून तो भाडेपट्टा ठरवला.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा निश्चिततेचा आहे. बँकेने, पुढच्या खरेदीदाराने दस्त कसा वाचायचा? प्रत्येक ओळीचे ‘काम’ शोधत बसले तर कुठलाही व्यवहार पक्का राहणार नाही. त्यापेक्षा कलमे श्रेष्ठ हा ठोक नियम बरा. मोठ्या बांधकाम करारांत तर कागदपत्रांचा अग्रक्रमच लिहिलेला असतो. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या ‘लाल पुस्तका’त, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, सर्वांत वर करारनामा आणि परिशिष्टे सर्वांत खाली आहेत. मला हा मुद्दा मान्य आहे, पण त्याच्या हद्दीत. अग्रक्रमाचे कलम लागू होते ते खरी विसंगती असेल तेव्हाच. कलमाने तपशील परिशिष्टावर सोपवला असेल तर विसंगतीच नाही, मग क्रम लावायचा कशाला? आणि आमच्या इसारपत्रात ठोक नियम लावला तर पुढच्या खरेदीदाराच्या पदरात काय पडते? नकाशावर 1,500 फुटांचा असलेला प्लॉट कागदावर 1,800 चा होतो आणि उरलेले 300 फूट 46 किंवा 48 च्या मालकाच्या अंगणातून मागावे लागतात. ही कसली निश्चितता? जो मालक करारात नव्हताच, त्याला दाव्यात ओढणारी.

हे टाळायचे तर कष्ट सहीच्या आधीचे आहेत. परिशिष्टातले क्षेत्र कलमातल्या क्षेत्राशी, किमतीच्या गुणाकाराशी आणि मंजूर नकाशाशी पडताळायला अर्धा तास लागतो. नोंदणीनंतर चूक सापडली आणि समोरचा तयार असला तर चूक दुरुस्ती लेख करून तो नोंदवता येतो. तो तयार नसेल तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 26 खाली दुरुस्तीची मागणी करावी लागते, आणि ती दोघांची समान चूक किंवा फसवणूक सिद्ध झाली तरच मिळते. दावा आधीच चालू असेल तर ही मागणी वादपत्रात स्पष्ट लिहावी लागते. ती न लिहिता ‘कलम श्रेष्ठ की परिशिष्ट’ यावर तासभर युक्तिवाद करणारे वकील मी दर महिन्याला पाहतो.